तांबडी सुर्ल्याचे देऊळ कदंबांबद्दल किती सांगते?

गोव्यात कदंबांची सत्ता साधारण दहाव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. आधी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, आणि अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या काळापासून जुवारीकाठचे गोपकपट्टण, म्हणजे आजचे थोरले गोवे, अशा त्यांच्या दोन राजधान्या. दोन्ही ठिकाणी गेलात तर पायाचे अवशेष आणि विखुरलेले दगड एवढेच हाती लागते. संपूर्ण उभी राहिलेली त्या काळची दगडी वास्तू पाहायची तर घाटाच्या पायथ्याशी, बोळकर्णेच्या पुढे जंगलात तांबडी सुर्ल्याला जावे लागते. तिथले महादेवाचे देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातले मानतात. त्यामुळे कदंबांच्या वैभवाविषयी बोलताना प्रत्येक जण याच देवळाकडे बोट दाखवतो. हे बोट कितपत बरोबर जागी पडते, ते दगडापासून तपासून पाहू.

रचना साधी आहे. पूर्वेकडे तोंड, पुढे खांबांचा मंडप, मग अंतराळ म्हणजे मंडप आणि गाभारा यांमधली लहान जागा, मग गाभारा आणि त्यावर शिखर. शिखराचा कळसाकडचा भाग आज नाही. मंडपात मधोमध शीर नसलेला नंदी आहे आणि त्याच्याभोवती कोरीव काम असलेले चार खांब. वर पाहिले की छतात दगडात कोरलेले कमळ दिसते. बाहेरच्या भिंती मात्र बऱ्याच साध्या आहेत, आणि देऊळ आकाराने लहान आहे. फोटोत ते भव्य वाटते, समोर उभे राहिले की वाटत नाही.

या लहानपणाचे एक कारण दगडाच्या गुणधर्मात आहे. दगड दाब भरपूर सोसतो, ताण फार थोडा. दोन खांबांवर आडवी तुळई ठेवली की तिच्या वरच्या बाजूला दाब येतो आणि खालच्या बाजूला ताण, म्हणून तुळई तडकते ती खालून. तुळई जितकी लांब तितका हा ताण झपाट्याने वाढतो, कारण लांबीबरोबर तिचे स्वतःचे वजनही वाढत जाते. त्यामुळे अशा बांधकामात खांब जवळजवळच ठेवावे लागतात. चार खांबांमधला चौक झाकायचा तर कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा, पुन्हा शिळा पुढे सरकवायच्या आणि शेवटी उरलेली जागा एका कोरलेल्या शिळेने बंद करायची. सुर्ल्याचे कमळ असे बसले आहे. तेव्हा मंडप लहान म्हणून राजा गरीब, हा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. खरी गोम अशी की श्रीमंत राजासुद्धा या पद्धतीने एक चौक मोठा करू शकत नव्हता. तो चौकांची संख्या वाढवू शकत होता. सुर्ल्याला ती वाढवलेली नाही, आणि पैशाबद्दल काही बोलायचे तर ते इथून बोलावे लागते.

पैशाचा दुसरा पुरावा म्हणजे दगड कुठून आला. गोव्यात घर बांधायचे तर चिरा, म्हणजे जांभा. तो खाणीतून सहज कापून निघतो, हवेत कडक होतो, पण अंगाने सच्छिद्र आणि खरबरीत असतो. त्यात भिंत उत्तम होते, कमळाची पाकळी होत नाही. सुर्ल्याचा दगड काळसर करडा आणि बारीक पोताचा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण त्याला बेसाल्ट म्हणते, आणि तो दख्खनच्या पठारावरून घाट उतरवून आणला असे सांगितले जाते. ही गोष्ट भूगोलाशी जुळते, कारण दख्खनच्या बेसाल्टचे थर गोव्यात फारसे नाहीत. ईशान्येच्या टोकाला, चोर्ला घाटाच्या अंगाला ते थोडेसे येतात.

आता हिशेब करून पाहू. समजा एक तुळई अडीच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर जाड आहे. तिचे घनफळ अर्धा घनमीटर. बेसाल्टचा घनमीटर सुमारे २.९ टन भरतो, म्हणजे तुळई जवळपास दीड टनाची. घाटातली नेहमीची वाहतूक पाठीवर ओझे घेतलेल्या बैलांची, आणि एक बैल साधारण शंभर किलो वाहतो. वजनाच्या हिशेबात पंधरा बैल पुरतील, पण तुळईचे पंधरा तुकडे करता येत नाहीत. ती घसरगाडीवर किंवा लाकडी ओंडक्यांवर बांधून, मागून दोर धरून, वळणावळणाला थांबवत उतरवावी लागते. त्यासाठी रुंद केलेली वाट लागते, माणसांना अनेक हंगाम जेवायला घालावे लागते आणि घाटाच्या वरचा व खालचा असा दोन्ही मुलूख आपल्या हुकमात, निदान मैत्रीत, असावा लागतो. कदंबांचा अंमल घाटावर बेळगावकडच्या हलसीपर्यंत होता. दुसऱ्या जयकेशीची राणी मैलळदेवी ही कल्याणीच्या चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याची मुलगी. घाट उतरून आलेला दगड या राजकीय चित्रात चपखल बसतो. सत्तेचा पुरावा म्हणून मला छतातल्या कमळापेक्षा ही तुळई जास्त बोलकी वाटते.

पण हा सगळा डोलारा दगड बेसाल्ट असण्यावर उभा आहे. काही वर्णनांत याच दगडाला संगजिऱ्याच्या जातीचा, क्लोराइट असलेला मऊ दगड म्हटले आहे. घाटावरच्या चालुक्य आणि होयसळ कारागिरांचा तो आवडता दगड. खाणीतून ताजा काढला की तो सहज कापला जातो आणि त्यात बारीक नक्षी निघते. दगड हा असेल तर कोरायला लागलेल्या मजुरीचा अंदाज बराच खाली येतो, आणि आणण्याची वाटही वेगळी निघू शकते. नुसत्या डोळ्यांनी भांडण मिटत नाही, कारण आठशे पावसाळ्यांचे शेवाळ आणि हातांचे तेल बसले की दोन्ही काळेच दिसतात. भूवैज्ञानिक गळून पडलेल्या कपचीचा कागदापेक्षा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार या खनिजाच्या काड्या अस्ताव्यस्त विणलेल्या दिसतात. क्लोराइटच्या दगडात खनिजांचे पापुद्रे एकाच दिशेला झोपलेले असतात. कठीणपणाही वेगळा असतो, पण म्हणून कोणी खिळा घेऊन खांबावर ओरखडा काढायला जाऊ नये. ते संरक्षित स्मारक आहे.

देवळाच्या परिसरात उत्खनन केले तर कपच्यांचा थरही बरेच सांगेल. ढीगभर कपच्या निघाल्या तर ओबडधोबड शिळा इथे आणून कोरल्या. अगदी थोड्या निघाल्या तर काम खाणीवरच झाले, म्हणजे कारागीरही बहुधा तिथलेच.

श्रद्धेकडे वळलो की पुरावा सोपा वाटायला लागतो, आणि घोटाळे तिथेच होतात. देऊळ शिवाचे आहे, बाहेरच्या शिल्पपट्टांवर मात्र शिव, विष्णू आणि ब्रह्मा तिघेही आपापल्या पत्नींसह आहेत. कदंबांच्या घरातही असेच होते. बाराव्या शतकात राज्य केलेल्या दोघा भावांपैकी पेर्माडी स्वतःला शिवचित्त म्हणवतो आणि विजयादित्य विष्णुचित्त. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर कुलदैवत सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला राजा अशा अर्थाचा मजकूर येतो. इथपर्यंत दगड, नाणे आणि लेख एकमेकांना दुजोरा देतात.

एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. हे कदंबांचे राजचिन्ह, असे तिथे आलेल्या प्रत्येकाला सांगितले जाते. पण कदंबांच्या नाण्यांवर सिंह आहे, आणि त्यांच्या लेखांत सिंहलांछन व वानरध्वज अशी बिरुदे आहेत. हत्ती त्यात कुठे बसत नाही. तो कारागिरांच्या नेहमीच्या नक्षीचा भाग असू शकतो. एका खांबावरचे चित्र राजमुद्रा ठरवायचे तर तेच चित्र राजाच्या नाण्यावर किंवा ताम्रपटाच्या मुद्रेवर सापडले पाहिजे.

बांधणारा कोण, याबाबतही असेच झाले आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याने हे देऊळ बांधले, असे एक मत आहे. चुन्याशिवाय रचलेले दगडी देऊळ दिसले की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच नावाने ओळखले जाते, पण त्यावरचा शिलाहारांचा लेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा आहे. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी आला. सुर्ल्याचा काळ तर शैलीवरूनच ठरवलेला आहे, आणि शैलीवरून शतक कळते, मालक कळत नाही. उलट घाटावर देगावच्या कमलनारायण मंदिरात राणी कमलादेवीने ते उभारल्याचा लेख आहे. ती शिवचित्ताची राणी. तिथे राजघराण्याचा पैसा होता हे ठामपणे म्हणता येते. सुर्ल्याला तो एखाद्या सामंताचा असेल, घाटवाटेवरच्या व्यापाऱ्यांचाही असेल.

आणि देवळात जे कोरलेले नाही, त्याचे काय? पहिल्या जयकेशीच्या ताम्रपटात ताजिक, म्हणजे अरब, कुळातल्या छदम नावाच्या अधिकाऱ्याने गोपकपट्टणात बांधलेल्या मिजिगितीसाठी, म्हणजे मशिदीसाठी, बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घेण्याची व्यवस्था आहे. घराण्याचा पैसा मुळात या बंदरातला. सुर्ल्याच्या दगडांत समुद्राचा मागमूस नाही. हेच एक देऊळ पाहून इतिहास लिहिला असता तर कदंब म्हणजे डोंगरातले शिवभक्त राजे, एवढेच हाती आले असते.

सुर्ल्याचे देऊळ उरले त्याला त्याचे मोठेपण कारण नाही, त्याचा आडरस्ता कारण आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा घाटाखालचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे नव्हता. तो अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेला. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर दिवाडी बेटावर होते. ते देऊळ गेले, लिंग नदीपार डिचोलीकडे हलवले गेले आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे नार्व्याला देऊळ पुन्हा उभारले. राजाने खजिना जिथे ओतला असेल ती वास्तूच अशी नाहीशी झाली आहे.

तिच्या जातीचे काही दिसायचे तर जुन्या गोव्यात. तिथे आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा म्हणून जे काही उरले आहे, ते घडीव बेसाल्टचे खांब आहेत आणि ते मूळ देवळांचे असावेत असे मानले जाते. चर्च पाहायला आलेली गर्दी त्याच्या बाजूने निघून जाते. सुर्ल्याच्या तुळईशेजारी त्या खांबाची एक कपची सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर दोन्ही दगड एकाच खाणीतले असू शकतात की नाही, एवढे तरी कळेल.