कंपनी बदलली तर गोळी बदलते का?

"नाव वेगळं दिसतंय. तीच गोळी आहे ना?" आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. बहुतेक औषधांच्या बाबतीत उत्तर सरळ 'हो' असतं. थोड्या औषधांच्या बाबतीत ते 'हो, पण' असं असतं. हे पत्रक त्या 'पण'साठी.

पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. औषधाचं खरं नाव आणि ताकद त्याखाली बारीक अक्षरात असते. मूळ कंपनीचं पेटंट संपलं की इतर कंपन्याही तेच औषध काढतात, ते जेनेरिक. रंग, आकार आणि गोळी बांधायला वापरलेली पूड वेगळी असू शकते. औषध तेच आणि तेवढंच असतं.

पण पोटात गेल्यावर ती तशीच वागेल कशावरून? त्यासाठी बायोइक्विव्हॅलन्सची चाचणी असते. बहुधा पंचवीस-तीस निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी आणि काही दिवसांच्या खंडानंतर नवी गोळी देतात. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त घेऊन दोन गोष्टी बघतात: पातळी जास्तीत जास्त किती चढली आणि एकूण किती औषध रक्तात पोचलं. मूळ गोळी १०० धरली, तर नवी ८० ते १२५ च्या आत यावी लागते.

हे आकडे ऐकून "म्हणजे जेनेरिक वीस टक्के कमी चालतं" असं लोक म्हणतात. ते चूक आहे. नुसती सरासरी त्या हद्दीत येऊन भागत नाही, सरासरीच्या आजूबाजूचा अनिश्चिततेचा सगळा पट्टा आत बसावा लागतो. सरासरी ८५ आली तर तो पट्टा सहसा ८० च्या खाली घसरतो आणि गोळी नापास होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ मधल्या दोन हजारांहून जास्त चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा प्रत्यक्ष फरक सरासरी चार टक्क्यांच्या आसपास निघाला. ताप, पित्त, बहुतेक रक्तदाबाच्या गोळ्या यांत एवढ्याने काही बिघडत नाही.

थायरॉईडच्या गोळीचं गणित नाजूक आहे. तिच्या ताकदीच्या पायऱ्याच बघा: ८८, १००, ११२ मायक्रोग्रॅम. म्हणजे बारा टक्क्यांचा फरक हा डॉक्टरांच्या लेखी वेगळा डोस आहे. शिवाय प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ गोळीशी होते, दोन जेनेरिकची आपसात नाही. एक थोडं वर आणि दुसरं थोडं खाली असलं, तर त्यांच्यातलं अंतर वाढतं.

समजा, एका बाईंची १०० ची गोळी चालू आहे आणि रक्तातला टीएसएच २ आहे. थायरॉईडचं औषध कमी पडलं की हा आकडा चढतो. कंपनी बदलली आणि नवी गोळी आठ टक्के कमी शोषली गेली. थायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं औषध, थोडं घटलं तरी टीएसएच बराच वाढतो, त्यामुळे तो ५-६ वर जाऊ शकतो. कंपनी बदलल्याचं डॉक्टरांना ठाऊक नाही, म्हणून ते डोस ११२ करतात. पुढच्या महिन्यात आमच्यासारखा कुणी दुकानदार जुन्या कंपनीची ११२ ची बाटली देतो. आता डोस जास्त होतो. धडधड, घाम, झोप न लागणं सुरू होतं. गोळ्या दोन्ही चांगल्या होत्या, घोटाळा अदलाबदलीने केला.

म्हणून कंपनी बदललीच तर तारीख लिहून ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. हे औषध रक्तात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे आठ दिवसांत केलेली तपासणी फसवते. गरोदर असाल किंवा थायरॉईडच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली असेल, तर बदल लगेच डॉक्टरांना कळवा. मात्र कंपनीला दोष देण्याआधी एक बघा: गोळी चहासोबत किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर तर घेत नाही ना? त्याने पडणारा फरक पुष्कळदा कंपनीच्या फरकाहून मोठा असतो.

फिटच्या गोळ्यांत सर्वांत हट्टी फेनिटॉइन. यकृताची ते पचवण्याची क्षमता भरली की डोस जरासा वाढला तरी रक्तातली पातळी उसळते. १९६८ साली ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली भरणीची पूड बदलून लॅक्टोज घातलं गेलं. औषध तेवढंच होतं, पण शोषण वाढलं आणि अनेक रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसली. तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं ही ती लक्षणं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१३ पासून फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल आणि प्रिमिडोन एकाच कंपनीचं चालू ठेवायला सांगितलं आहे. फिटच्याच लेव्हेटिरासिटाम या औषधाला ती अट नाही.

नेहमीची कंपनी मिळाली नाही म्हणून फिटची गोळी चुकवू मात्र नका. डोस चुकण्याचा धोका कंपनी बदलण्याहून मोठा आहे. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी रिकामी पट्टी घेऊन या. कंपनीचं नाव आम्ही तुमच्या नावापुढे नोंदवून ठेवतो, आणि दुसरी द्यावी लागली तर आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करतो.