कोणते तास धरायचे? लवचिक बजेटमागचा जुना वाद

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचा महिन्याचा हिशेब मी अनेक वर्षे पाहिला. खर्च बजेटशी ताडून पाहताना तिथली बैठक दर महिन्याला एकाच प्रश्नावर अडायची: बजेट कोणत्या तासांवर काढायचे?

कारखान्यांत आधी आले ते ठरीव बजेट. वर्षाचे उत्पादन गृहीत धरून खर्च मांडायचा आणि शेवटपर्यंत तोच आकडा मोजपट्टी म्हणून वापरायचा. उत्पादन घटले की खर्चही आपोआप घटतो, त्यामुळे असा विभाग काहीही न करता काटकसरी दिसतो. अमेरिकेतल्या कारखान्यांत १९२० च्या दशकात लवचिक, म्हणजे उत्पादनाप्रमाणे बदलणाऱ्या, बजेटचा विचार रुजत गेला, आणि पुढच्या मंदीत ठरीव आकड्यांचा फोलपणा उघड झाला. आपल्याकडे कॉस्टिंगच्या अभ्यासक्रमातून ही पद्धत आली आणि एक्सेल टेबलावर आल्यावर ती दर महिन्याला वापरणे सोपे झाले.

वाद समजण्यासाठी एक महिना घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. ठरले होते १०,००० नग, प्रत्येकी अर्धा मशीन-तास, म्हणजे ५,००० तास. विभागाचा बदलता खर्च तासाला १५० रुपये: वीज, टूल, कूलंट, मजुरी, किरकोळ सामान. स्थिर खर्च ६ लाख. एकूण बजेट झाले साडेतेरा लाख. प्रत्यक्षात ८,००० नग निघाले, मशीन ४,४०० तास चालली आणि खर्च १३ लाख झाला. ठरीव बजेटप्रमाणे ५०,००० रुपयांची बचत, म्हणजे सगळे खूश.

आता बजेट उत्पादनाप्रमाणे बदलू. शॉपचे म्हणणे असे की मशीन खरोखर ४,४०० तास चालली, तेवढी वीज जळली, तेव्हा बजेट १२ लाख ६० हजार आणि जादा खर्च ४० हजार. अकाउंट्सचे म्हणणे असे की ८,००० नगांना ४,००० तासच लागायला हवे होते, म्हणून बजेट १२ लाख आणि जादा खर्च १ लाख. घोळाचे मूळ तक्त्यातच होते. जुन्या तक्त्यात रकान्याचे नाव नुसते ‘तास’ होते. त्यात कोणी प्रत्यक्ष तास भरी, कोणी निघालेल्या नगांना लागायला हवेत ते प्रमाणित तास, आणि दोन महिन्यांची तुलनाच होत नसे.

माझ्या मते मोजपट्टी ४,००० तासांचीच हवी. प्रत्यक्ष तास धरले तर मशीन जितकी रेंगाळेल तितके बजेट वाढत जाईल आणि संथपणा झाकला जाईल. पण १ लाखाचा एकच आकडा शॉपच्या माथी मारणेही चूक आहे. त्याचे दोन तुकडे होतात. ४०० जादा तास गुणिले १५०, म्हणजे ६० हजार वेळेचे; उरलेले ४० हजार चाललेल्या तासांत दरापेक्षा जास्त खर्चल्याचे. वेळेचा तुकडा कोणाचा, हे प्रत्येक कामाची वेळ नोंदणारे जॉब कार्ड सांगते. त्या महिन्यात जादा तास एकाच लॉटच्या कास्टिंगवर गेले होते. कास्टिंगमध्ये कडक डाग होते, ऑपरेटरने फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, कमी केला होता आणि त्याच लॉटवर टूलच्या टोकाचे इन्सर्टही जास्त गेले होते. दुसऱ्या लॉटवर तोच नग अर्ध्या तासात निघाला. तेव्हा ते ६० हजार खरेदी विभागाकडे विचारायचे. इन्सर्टचा जादा खर्च मात्र ४० हजारांत दडलेला होता. तो वेगळा काढल्यावरच उरलेल्या रकमेचा जाब शॉपला विचारता आला.

तासाचा दर काढतानाही असाच चकवा बसतो. जानेवारीत ३,००० तास आणि वीजबिल २ लाख १० हजार, मे महिन्यात ५,००० तास आणि साडेतीन लाख. या दोन टोकांवरून दर येतो ७० रुपये आणि स्थिर भाग शून्य! पण वापरलेल्या युनिटवर नव्हे तर विजेच्या मागणीवर लागणारा डिमांड चार्ज बिलात तर समोर छापलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात पंखे-कूलर दिवसभर चालतात, तो भार तासांमुळे नाही, उन्हामुळे वाढतो. म्हणून बिलातला डिमांड चार्ज आधी बाजूला काढायचा आणि एकाच हंगामातले महिने एकमेकांशी ताडायचे.

एप्रिल २०२० मध्ये सूत्राची हद्दच दिसली. शॉप बंद, तास शून्य, म्हणजे सूत्राप्रमाणे बदलता खर्च शून्य. तरीही बदलता म्हणून धरलेल्या मजुरीचा काही भाग द्यावाच लागला, कारण माणसे राखायची होती. शॉप पुन्हा सुरू झाल्यावर तक्त्यात ‘प्रमाणित तास’ आणि ‘प्रत्यक्ष तास’ असे दोन रकाने आले. ३,००० तासांखाली तोच दर लावायचा नाही, अशी ओळही खाली लिहिली गेली.