किरणाकृती रेखाटन (आरसे व भिंगे)

वस्तूच्या टोकापासून निघालेले दोन-तीन ठरावीक किरण आरशावर किंवा भिंगावर कसे वळतात हे मापाने काढून प्रतिमेचे स्थान, आकार आणि स्वरूप शोधण्याच्या सरावाला किरणाकृती रेखाटन म्हणतात. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आरसे नववीत येतात, भिंगे दहावीत. मधे एक वर्ष जात असल्याने जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या वर्गांतली एक चूक फार जुनी आहे: आरशाचे सूत्र भिंगाला लावले जाते, किंवा भिंगाचे आरशाला. त्यावर चांगला उपाय म्हणजे एकच उदाहरण आरसा आणि भिंग दोन्हींसाठी शेजारी शेजारी काढणे. या नोंदीत ते एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे.

चिन्हांची उजळणी. वस्तू नेहमी डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. सगळी अंतरे आरशाच्या ध्रुवापासून (P) किंवा भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून (O) मोजायची. उजवीकडचे अंतर धन, डावीकडचे ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. या नियमाने वस्तूचे अंतर u कायम ऋणच येते. अंतर्गोल आरशाची नाभी आरशाच्या पुढे, म्हणजे डावीकडे असते, म्हणून नाभीय अंतर f ऋण. बहिर्गोल आरशाचे f धन. भिंगात उलट दिसते: बहिर्वक्र भिंगाचे f धन, अंतर्वक्राचे ऋण. हे पाठ करायची गरज नाही. अक्षाला समांतर आलेला किरण वळल्यावर ज्या बिंदूतून जातो किंवा ज्या बिंदूतून आल्यासारखा दिसतो तो बिंदू आकृतीत कोणत्या बाजूला आहे एवढे पाहिले की चिन्ह कळते.

v हे प्रतिमेचे अंतर आणि M हे विशालन धरले तर सूत्रे अशी:

```
आरसा : 1/v + 1/u = 1/f     M = -v/u
भिंग  : 1/v - 1/u = 1/f     M =  v/u
```

घरात मोठ्या भावंडांची किंवा काकांची जुनी पुस्तके असतील तर सावध राहावे. त्यांतल्या काहींत वास्तव अंतर धन, आभासी अंतर ऋण असा वेगळा संकेत आहे आणि तिथे भिंगालाही आरशासारखेच अधिक चिन्हाचे सूत्र येते. तो संकेत चुकीचा नाही, पण एका संकेताचे सूत्र आणि दुसऱ्याची चिन्हे एकत्र आली की उत्तर हमखास बिघडते.

चिन्हांतली सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. विद्यार्थी v ला आधीच ऋण किंवा धन चिन्ह देऊन सूत्रात भरतात. चिन्ह फक्त दिलेल्या राशींना द्यायचे. शोधायची राशी मोकळी सोडायची, तिचे चिन्ह गणितातूनच येते आणि प्रतिमा कोणत्या बाजूला आहे ते तेच सांगते.

उदाहरण. नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू 15 सेंमीवर. आधी अंतर्गोल आरसा घेऊ. f = −10, u = −15.

```
1/v = -1/10 + 1/15 = -1/30     v = -30 सेंमी
M = -(-30)/(-15) = -2
```

आता बहिर्वक्र भिंग. f = +10, u = −15.

```
1/v = 1/10 - 1/15 = 1/30       v = +30 सेंमी
M = 30/(-15) = -2
```

दोन्हीकडे प्रतिमा 30 सेंमीवर, उलट, दुप्पट आणि वास्तव. फरक एवढाच की आरशासमोर ती वस्तूच्याच बाजूला पडते आणि भिंगामागे पलीकडे. म्हणून v चे चिन्ह उलटले, आणि तरीही विशालन दोन्हीकडे −2 यावे म्हणून दोन सूत्रांची रूपे वेगळी आहेत. हे एकदा कागदावर पाहिले की कोणते सूत्र कशाचे हा गोंधळ सहसा राहत नाही.

कागदावर 1 सेंमी = 5 सेंमी हे प्रमाण घ्यावे. मग f 2 सेंमी, वस्तू 3 सेंमी आणि प्रतिमा 6 सेंमी. आलेख कागद नसेल तर चौकटीची वही चालते. तिची चौकट नेमकी 1 सेंमीची नसली तरी सेंमीऐवजी चौकटीच मोजाव्यात. वस्तूचा बाण 1 सेंमी उंच काढावा. उभे प्रमाण आडव्या प्रमाणाएवढेच असण्याची सक्ती नाही, उंचीचे गुणोत्तर तसेच राहते.

भिंगाची आकृती सोपी. O मधून उभी रेषा काढून तीच भिंग मानायची, कारण पातळ भिंगात किरण एकदाच, मधल्या रेषेवर वळतो असे धरलेले असते. दोन्ही पृष्ठभागांवर वेगवेगळे वळण दाखवायला गेले की आकृती हटकून फसते. वस्तूच्या टोकापासून पहिला किरण अक्षाला समांतर जातो आणि रेषेवर वळून पलीकडच्या नाभीतून खाली उतरतो. दुसरा O मधून सरळ जातो: तीन चौकटी उजवीकडे, एक खाली, पुढे सहा चौकटी उजवीकडे, दोन खाली. दोघे 6 सेंमीवर, अक्षाखाली 2 सेंमीवर भेटतात. प्रतिमेचा बाण अक्षापासून त्या बिंदूपर्यंत काढायचा, भेटबिंदूपासून अक्षापर्यंत नव्हे. बाणाचे टोक कुठे आहे यावरूनच ती उलट आहे हे कळते.

आरशाकडे लक्ष जास्त द्यावे लागते. f 2 सेंमी म्हणून वक्रता त्रिज्या 4 सेंमी, आणि मग बरेच जण कंपासने खरोखर 4 सेंमीचा कंस काढून किरण त्या कंसावर वळवतात. इथे आकृती शांतपणे चुकते. समांतर किरण कंसावर 1 सेंमी उंचीला पोचतो तेव्हा कंस ध्रुवाच्या उभ्या रेषेपासून सव्वा मिलिमीटर पुढे आलेला असतो. नाभीतून येणारा दुसरा किरण कंसाला त्याहून खाली गाठतो, तिथे कंस साडेतीन मिलिमीटर पुढे असतो. समांतर किरण नाभीतून जातो हा नियम अक्षाजवळच्या किरणांपुरताच आहे. तो एवढ्या वाकलेल्या कंसावर लादला की समांतर आणि नाभी-किरण 6 ऐवजी सुमारे 5.1 सेंमीवर भेटतात. तोच कंस, पण दुसरा किरण वक्रताकेंद्रातून घेतला तर भेट जवळपास 6.3 सेंमीवर. एकाच बाकावरच्या दोघांची उत्तरे 25 आणि 31 सेंमी येतात ती यामुळे. कोणाचीही पट्टी वाकडी नसते.

म्हणून P मधून हलक्या पेन्सिलीने उभी रेषा मारावी आणि सगळे किरण त्या रेषेवर वळवावेत. आरसा म्हणून तिच्यावर अगदी उथळ कंस काढून मागच्या बाजूला तिरप्या रेघांचे छायांकन करावे. परीक्षेत आरसा वक्र दिसलाच पाहिजे, पण मोजमाप रेषेवरून होते.

किरण निवडायलाही इथे विचार लागतो. वक्रताकेंद्रातून जाणारा किरण सरसकट सांगितला जातो, पण वस्तू नाभी आणि वक्रताकेंद्र यांच्या मधे असताना तो फार तिरपा होतो. या आकृतीत तो उभ्या रेषेला अक्षाच्या 4 सेंमी वर गाठेल, म्हणजे आरशाच्या बाहेर. त्यापेक्षा ध्रुवावर येणारा किरण सोयीचा. तो तीन चौकटी उजवीकडे जाताना एक खाली येतो. परावर्तनानंतर तीन चौकटी डावीकडे जाताना पुन्हा एक खाली. कोनमापक न लावता आपाती आणि परावर्तित कोन समान होतात. आणखी तीन चौकटी पुढे तो समांतर किरणाच्या परावर्तित भागाला 6 सेंमीवर भेटतो.

नाभीची खूण टोकदार पेन्सिलीने करावी. याच आकृतीत नाभी 2 ऐवजी 2.1 सेंमीवर पडली, म्हणजे फक्त एक मिलिमीटर सरकली, तर प्रतिमा 6 वरून 7 सेंमीवर जाते. वस्तू नाभीच्या जितकी जवळ, तितकी ही ओढाताण वाढते. वस्तू 11 सेंमीवर असेल तर प्रतिमा 110 सेंमीवर, म्हणजे या प्रमाणात कागदावर 22 सेंमी लांब. वहीच्या पानात ती मावत नाही. तिथे रेखाटनाचा हट्ट सोडून सूत्र वापरावे. वस्तू नेमकी नाभीवर असेल तर वळलेले किरण समांतरच जातात, ते जबरदस्तीने कुठे तरी मिळवू नयेत.

नाभीय अंतर खरे किती हे ताडून पाहायला यावल, रावेर, चोपडा भागात सोय आहे. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीसमोर पांढरा कागद उभा धरून त्यापुढे बहिर्वक्र भिंग मागेपुढे करावे. सातपुड्याची ओळ कागदावर उलटी आणि रेखीव उमटली की भिंग ते कागद हे अंतर म्हणजे f. डोंगर इतका दूर आहे की त्याचे किरण समांतरच धरता येतात. सूर्य वापरू नये. खानदेशच्या उन्हात कागद पेटतो, आणि भिंगातून सूर्याकडे पाहिले तर डोळा जातो.

पूर्ण करायच्या आकृत्या. पुढच्या पट्ट्या वहीत मोठ्या काढाव्यात. AB ही वस्तू आहे, प्रमाण वरचेच. P किंवा O मधून उभी रेषा काढून दोन किरण पूर्ण करावेत. खरे किरण सलग रेषेने, बाणासह. मागे वाढवलेले भाग आणि आभासी प्रतिमा तुटक रेषेने, बाणाविना.

पहिली, अंतर्गोल आरसा, u = −5 सेंमी:

```
            B
            |
C-------F---A---P-----------
```

दुसरी, बहिर्वक्र भिंग, u = −5 सेंमी:

```
            B
            |
2F------F---A---O-------F-------2F
```

तिसरी, बहिर्गोल आरसा, u = −15 सेंमी:

```
    B
    |
----A-----------P-------F-------C
```

चौथी पट्टी स्वतः आखावी: अंतर्वक्र भिंग, u = −15 सेंमी, नाभी O च्या दोन्ही बाजूंना.

या चारही आकृत्यांत वळलेले किरण फाकत जातात, भेटत नाहीत. अनेक जण इथे थांबतात किंवा एखादा किरण वाकवून जुळवतात. करायचे एवढेच की वळलेले दोन्ही किरण तुटक रेषेने मागे वाढवायचे. पहिल्या आकृतीत v = +10 येते, म्हणजे प्रतिमा आरशामागे; दुसरीत v = −10, म्हणजे वस्तूच्याच बाजूला. M दोन्हीकडे +2. तिसऱ्या आकृतीत v = +6 आणि चौथीत v = −6, दोन्हींत M = +0.4. चौथीत समांतर किरण O च्या रेषेवर वरच्या बाजूला फाकतो आणि त्याचा तुटक वाढाव वस्तूच्या बाजूच्या नाभीत जातो. पलीकडच्या नाभीतून किरण नेला तर ते भिंग बहिर्वक्र झाले. कागदावर मोजून पाचपट केलेले अंतर 6 ऐवजी 5.5 ते 6.5 सेंमीत असेल तर हाताची चूक समजावी. चिन्हच उलटे आले किंवा प्रतिमा दुसऱ्या बाजूला पडली तर आधी सूत्र कोणाचे वापरले ते पाहावे, मग किरण.