गुहेत दिसतो, कड्यावर हरवतो: व्हिडिओवरच्या लोगोचं गणित

हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचा व्हिडिओ एडिट करत होतो. केदारेश्वराच्या गुहेत उजव्या कोपऱ्यातला पांढरा लोगो एवढा झळकत होता की पिंडीपेक्षा आधी नजर तिकडेच जायची. पुढच्याच शॉटमध्ये कोकणकडा आला, मागे दुपारचं पांढरट आभाळ, आणि लोगो गायब! ओपॅसिटी मात्र दोन्हीकडे तीच, ४० टक्के.

असं का होतं ते कळायला गणित थोडंसंच लागतं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याची उजळता ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशी मोजतात. ४० टक्के ओपॅसिटी म्हणजे त्या ठिपक्यात लोगोचा वाटा ४० टक्के आणि मागच्या दृश्याचा ६०. गुहेची भिंत समजा ३० आहे. लोगोचे १०२ आणि भिंतीचे १८ मिळून झाले १२०. आजूबाजूला ३० असताना मध्येच १२०, म्हणजे ९० चा फरक; डोळ्यात भरणारच. आभाळ २२० धरा. १०२ आणि १३२ मिळून २३४, फरक फक्त १४. आपल्याला ओपॅसिटी दिसत नसते, हा फरक दिसतो.

मग ओपॅसिटी ८० केली तर? आभाळावरचा फरक २८ होतो, पण गुहेत तो १८० वर जातो. रोग तसाच, वर गुहेतला शॉट बिघडला. त्यापेक्षा लोगोला बारीक काळी कड द्यावी. ओपॅसिटी ४० टक्केच ठेवा. आभाळावर कडेचा भाग १३२ होतो, म्हणजे ८८ चा फरक. अंधारात पांढरा भाग काम करतो, उजेडात काळी कड. टीव्ही वाहिन्यांच्या पांढऱ्या लोगोभोवती पुष्कळदा अशी पुसट सावली असते ती यासाठीच.

रंगीत लोगोचा मोह मी सोडून दिला आहे. नेहमीच्या व्हिडिओत उजळता प्रत्येक ठिपक्याची साठवतात, रंगाची माहिती मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. लाल रंगातली बारीक अक्षरं त्यामुळे कडांना फिसकटतात. पांढऱ्या-काळ्याला हा त्रास नाही.

आकार ठरवताना लॅपटॉपवर विसंबू नका. १९२० ठिपके रुंदीच्या व्हिडिओत मी लोगो १८० ठिपके रुंद ठेवतो. मोबाइल उभा धरून तोच आडवा व्हिडिओ पाहिला, तर पडद्याची रुंदी जेमतेम सात सेंटिमीटर, त्यात लोगो साडेसहा मिलिमीटरचा. एवढ्यात 'भटकंती' हा शब्द वाचता येत नाही, साधं चिन्ह ओळखू येतं. चॅनेलचं पूर्ण नाव लोगोत कोंबायचं असेल, तर ते सुरुवातीच्या पाटीवर टाकलेलं बरं.

जागेचं म्हणाल तर खालची पट्टी टाळा. तिथे सबटायटल आणि प्लेअरची बटणं येतात. आडव्या व्हिडिओत वरचा उजवा कोपरा बरा, कडेपासून सुमारे ५ टक्के आत. उभ्या रीलमध्ये उजवीकडे खालपर्यंत लाइक-कमेंटची बटणं असतात आणि तळाशी मजकूर, तिथे वरचा डावा भाग बघा, पण अगदी कडेला नको.

ओपॅसिटी, आकार आणि जागा हे सगळं ffmpeg या मोफत व्हिडिओ-प्रोग्रामच्या एका कमांडमध्ये बसतं, काळी कड मात्र लोगोच्या फाइलमध्येच हवी:

```
ffmpeg -i trek.mp4 -i logo.png -filter_complex "[1:v]scale=180:-1,format=rgba,colorchannelmixer=aa=0.4[l];[0:v][l]overlay=W-w-96:54" -c:a copy out.mp4
```

यात `aa=0.4` ही ओपॅसिटी. ९६ आणि ५४ हे उजवीकडून आणि वरून सोडलेलं अंतर, म्हणजे १९२० आणि १०८० चे ५ टक्के. लोगो पीएनजीच हवा, पार्श्वभूमी पारदर्शक असलेला. जेपीजीत पारदर्शकता साठवता येत नाही, मग लोगोमागे पांढरा चौकोन चिकटतो.

तपासताना पूर्ण व्हिडिओ बघत बसू नका. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोखा असे दोन शॉट काढा आणि मोबाइलवर बघा. आणि लोगोकडे टक लावून ओपॅसिटी ठरवू नका. प्रेक्षक मधल्या दृश्याकडे बघत असतो. नजर एका जागी स्थिर असली की कडेची पुसट, न हलणारी गोष्ट हळूहळू जाणिवेतून विरते. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरने हे १८०४ मध्येच नोंदवलं होतं. पुसट लोगो प्रेक्षकाला खुपत नाही, त्यात याचाही हातभार असतो.

लोगोमुळे चोरी थांबेल असं मात्र धरून चालू नका. कोपरा कातरला की तो गेला. वरचं गणित उलटही चालतं: एकच लोगो अनेक दृश्यांवर तसाच बसलेला असेल, तर त्याचा वाटा शोधून वजा करता येतो. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छायाचित्रांच्या संग्रहांवर हे करून दाखवलं. म्हणून लोगो नसलेली मूळ फाइल, कॅमेऱ्यातून निघाली तशीच, मी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. कोकणकड्याचा तो शॉट कुणी उचलला, तर न कातरलेलं दृश्य माझ्याकडे असेल.