शाडूचे मावळे, अंगणातला राजगड : माती नेणाऱ्या पालकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून माती नेलेले पालक पुन्हा दुकानात येतात तेव्हा त्यांची तक्रार बहुतेक एकच असते : तडे गेले. कुणाच्या मावळ्याची कंबर तुटलेली असते, कुणाच्या किल्ल्याचा बुरूज भेगाळलेला असतो. मातीत खोट असेल असं त्यांना वाटतं. खरं तर तडा जातो तो पाण्यामुळे. ओली माती वाळताना आकसते. ती सगळीकडून सारखी आकसली तर काही होत नाही, पण एक बाजू आधी वाळली किंवा आत न आकसणारी वस्तू अडकली तर ती फाटतेच. हे पत्रक मुख्यतः त्याबद्दल आहे.

एक छोटा प्रयोग मुलांकडून आधी करून घ्या. भिजवलेल्या शाडूची बोटभर जाडीची पट्टी लाटायची, तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या आणि पट्टी सावलीत ठेवायची. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. अर्धा सेंटिमीटर तरी कमी भरेल. पुढच्या सूचना पाळायला का सांगतोय, हे मग मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

दोन माती, दोन कामं

पांढरट पिशवीतली शाडू फक्त चित्रांसाठी, म्हणजे मावळे, हत्ती, तोफा, गवळण यांच्यासाठी आहे. ती बारीक असते आणि नाकडोळे तिच्यात छान उठतात. डोंगर लिंपायला ती वापरू नका, महागही पडते आणि भेगाही जास्त पडतात. डोंगरासाठी लाल माती घ्या. शेतातली काळी माती फुकट मिळत असेल तर मोह होतो, पण ती भिजली की फुगते आणि वाळली की उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळते. तीच वापरायची असेल तर तिच्यात निम्मी तरी जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि मूठभर बारीक कापलेलं वाळलं गवत मिसळा.

मावळे आधी करा

मुलं सुट्टी लागल्या लागल्या डोंगर रचायला धावतात. त्यांना थोडं थांबवा, कारण चित्रांना वाळायला चार-पाच दिवस लागतात. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर आणखी जास्त.

1 किलो शाडूला साधारण 300 मिली पाणी लागतं. ते एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला. मळून झालेली माती पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवी. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, आणि जास्तीचं पाणी म्हणजे जास्तीचं आकसणं. मळतानाच त्यात कापूस पिंजून घाला, किलोला छोटी मूठभर पुरतो. त्याचे धागे मातीला धरून ठेवतात. गणपतीचे मूर्तिकारही शाडूत कापूस घालतात, तो याचसाठी. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी तो जास्त लवचीक झालेला असतो.

आता मावळा. 5-6 सेंटिमीटर उंचीच्या मावळ्याला मोठ्या लिंबाएवढा गोळा लागतो, म्हणजे किलोभर मातीत वीसेक मावळे सहज होतात. मुलं आधी दोन बारीक पाय वळतात, त्यांवर धड ठेवतात आणि धड खाली बसतं. त्याऐवजी अंगरख्याचा घेर खालपर्यंत आणा : खाली रुंद आणि वर निमुळता असा एकच तुकडा, पायाशी जाडसर चकती. पायांची नुसती टोकं घेराखालून डोकावू द्या. हात धडाला चिकटलेले ठेवा, एक कमरेवर आणि एक ढालीवर. हवेत उगारलेला तलवारीचा हात प्रत्येक मुलाला हवा असतो, पण कच्च्या शाडूत तो टिकत नाही.

डोकं किंवा हात जोडताना दोन्ही बाजू काडीने खरवडा, त्यांवर दह्याइतकी दाट केलेली शाडू लावा आणि दाबून किंचित फिरवा. दोन्ही तुकडे सारखे ओले हवेत. काल केलेल्या धडावर आज केलेलं डोकं बसवलं तर आजचं जास्त आकसतं आणि जोड सुटतो. अर्धवट राहिलेलं काम म्हणूनच ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं, उघडं नाही.

तार आणि काडी यांबद्दल नीट सांगायला हवं, कारण समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ उलट सल्ला देतात. आधार म्हणून शाडूत तार किंवा आइस्क्रीमची काडी ठेवली की माती तिच्याभोवती आकसते, काडी मात्र आहे तेवढीच राहते, आणि उभी सरळ चीर पडते. मावळा सेंटिमीटरभर जाड असेल तर त्याला आधार लागतच नाही. भाला हवा असेल तर ओल्या मुठीतून टूथपिक आरपार घाला, गोल फिरवून भोक थोडं सैल करा आणि काढून घ्या. वाळल्यावर भोक लहान होतं, तेव्हा तीच टूथपिक त्यात नीट बसते.

वाळवताना चित्रं उन्हात ठेवू नका, पंख्याखाली तर नकोच. सावलीत वर्तमानपत्रावर ठेवा आणि रोज कूस बदला. प्लॅस्टिकवर ठेवली तर तळाची ओल अडकते. वाळलं की नाही हे रंगावरून कळत नाही, चित्र गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. रंग दाट ठेवा आणि ब्रश पाण्यात कमी बुडवा, कारण न भाजलेली शाडू पाण्याने पुन्हा विरघळते. पगडीला, तटाला गेरू उत्तम. पणत्या मात्र घरच्या कच्च्या मातीच्या नकोत. त्या तेल पितात आणि खाली डाग पाडतात. भाजलेल्या पणत्याच वापरा.

राजगड का, आणि कसा

किल्ला कुठलाही चालतो, पण मुलांनी नकाशा पाहून करायचा असेल तर आम्ही पुणे जिल्ह्यातला राजगड सुचवतो. मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना तीन माच्या, अशी त्याची रचना आहे. नुसता मातीचा ढीग करून वर सिंहासन ठेवलं तर हा किल्ला राजगड दिसतच नाही, त्यामुळे मुलांना विचार करावा लागतो. रायगडाआधी शिवाजी महाराजांची राजधानी इथे होती. 1666 मध्ये महाराज आग्र्याला निघाले ते इथून आणि परतले तेही इथेच. किल्ल्यासमोरच्या पाटीवर मुलांना एवढं लिहायला सांगा.

अंगणात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात 4 फूट बाय 3 फूट जागा पुरते. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि मोबाइलमधल्या होकायंत्रावर उत्तर पाहून खडूने खूण करा. मधोमध बालेकिल्ल्याची जागा. उत्तरेला पद्मावती माची, आखूड पण सगळ्यात रुंद. पूर्वेकडे सुवेळा आणि नैर्ऋत्येला संजीवनी, दोन्ही लांब आणि अरुंद.

आतला भराव मातीचा करू नका. घनफूटभर ओली माती 45 किलोच्या आसपास भरते, बाल्कनीत तर हे वजन टाळायलाच हवं. बालेकिल्ल्याखाली पालथी बादली किंवा विटांची चवड, माच्यांखाली विटा आणि नारळाच्या शेंड्या. पुठ्ठ्याची खोकी घेऊ नका, ती भिजून दोन दिवसांत बसतात. या सांगाड्यावर जुनं गोणपाट लाल मातीच्या पातळ राड्यात बुडवून पसरा, त्याला हव्या तशा घड्या घाला, त्याच पुढे कडे आणि घळी होतात. ते थोडं आवळलं की वर दोन बोटं जाडीचा मातीचा लेप. एकदम जाड थापू नका, दोन दिवसांत दोन थर द्या. भेग पडलीच तर कोरडी माती भरून उपयोग नाही. भेगेत पाणी शिंपडा, वाळू मिसळलेली दाट माती आत दाबा आणि वरून ओल्या बोटाने सारवा.

पद्मावती माचीवर तळं, देवीचं मंदिर आणि सईबाईंची समाधी येते. तळ्यासाठी बाटलीचं रुंद झाकण मातीत पुरा, मातीचा खड्डा पाणी धरत नाही. सुवेळा माचीवरच्या कातळाला आरपार छिद्र आहे, त्याला नेढं म्हणतात. लेप ओला असताना बोटाने तेवढं भोक पाडायचं काम धाकट्याकडे द्या. संजीवनीला चिलखती तट आहे, म्हणजे एकाच्या बाहेर दुसरी भिंत आणि मध्ये चिंचोळी वाट. तिथे शाडूच्या दोन पट्ट्या बोटभर अंतर सोडून उभ्या करा. पाली दरवाजा पश्चिमेला ठेवा, आणि दरवाजा मावळ्यापेक्षा उंच ठेवा. मावळा दरवाज्यातून जाऊ शकत नाही असे किल्ले दर वर्षी दिसतात! महाराजांची मूर्ती मात्र मोठी असते, ती तशीच असू द्या. ती प्रथा आहे, तिथे प्रमाण पाहायचं नाही.

हिरवळ आणि मावळ्यांचे पाय

हळीव वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी पेरा. भिजवून पेरायला जाल तर बिया बुळबुळीत होऊन त्यांचा गोळा होतो. ओल्या उतारावर कोरड्या बिया भुरभुरा आणि वरून पाणी फवारा. मग तोच बुळबुळीतपणा कामाला येतो, बी उतारावर चिकटून राहतं. मोहरी तशी चिकटत नाही, ती सपाट माचीवर टाका. पाणी फवारणीनेच द्या, दिवसातून दोनदा. तांब्याने ओतलं तर लेप वाहून जातो.

आणि शेवटचं : कच्चा मावळा ओल्या मातीवर थेट उभा केला तर त्याचे पाय खालून पाणी ओढतात आणि तो एका रात्रीत वाकतो. प्रत्येकाखाली कौलाचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवा. सकाळचं पाणी देऊन झाल्यावर मावळे मांडा, संध्याकाळी फवारायच्या आधी काढून घ्या. ही काढघाल मुलं फार आवडीने करतात, आणि कोण कुठे पहाऱ्याला उभा यावरून भांडतातही.

उरलेली, रंग न लावलेली शाडू आणि मोडलेली कोरी चित्रं बादलीत भिजवून पुन्हा मळता येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर पुढच्या गणपतीला चालतात. रंगवलेले तुकडे त्यात मिसळू नका. आमच्या पिशवीतल्या शाडूत खडे निघाले तर पिशवी घेऊन या, बदलून देऊ.