फोनो कार्ट्रिज : एमएम व एमसी प्रकारांतील प्रदान आणि भार

तबकडीच्या खाचेतून सरकणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारा घटक म्हणजे कार्ट्रिज. मूव्हिंग मॅग्नेट अर्थात एमएम प्रकारात सुईच्या दांडीला चुंबक जोडलेला असतो व वेटोळी स्थिर असतात. मूव्हिंग कॉइल अर्थात एमसी प्रकारात चुंबक स्थिर असून वेटोळी हलतात. स्टीरिओ एमएमचा अग्रमान जर्मनीतील एलाक आणि अमेरिकेतील शुअर या दोघांकडेही सांगितला जातो. दोन्हींचे काम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आहे.

स्थिर वेटोळ्यांना वजनाची अडचण नसल्याने एमएममध्ये तारेचे पुष्कळ वेढे देता येतात. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई या कार्ट्रिजचे प्रदान ४ मिलिव्होल्ट आहे, तर डेनॉन डीएल-१०३ या एमसीचे केवळ ०.३, म्हणजे सुमारे १३ पट (२२.५ डेसिबल) कमी. डीएल-१०३ थेट एमएम इनपुटला जोडल्यास आवाज बारीक येतो आणि तो वाढवताच खरखर व गुणगुण वर येते.

वेढे जास्त म्हणून एमएमचे प्रवर्तकत्वही मोठे. व्हीएम९५ईचे ५५० मिलिहेन्री आहे. केबल व प्रवर्धकाची धारिता त्याच्याशी मिळून अनुस्पंदन घडवते. ४७,००० ओहम हा प्रमाण भार आणि एकूण २०० पिकोफॅरड धारिता असता ते १५ किलोहर्ट्झच्या आसपास राहते व भार त्याला आवरतो. लांब केबलमुळे धारिता ४५० झाली, तर ते १० किलोहर्ट्झपर्यंत उतरते. मग ८-९ किलोहर्ट्झजवळ सुमारे ३ डेसिबलचा उंचवटा येऊन ‘स’, ‘श’ टोचू लागतात आणि त्यापुढचा तार भाग झपाट्याने घसरतो. म्हणून टोनआर्मच्या तारा, केबल व इनपुट या तिन्हींची धारिता बेरजेत धरावी. उलट, एमएम चुकून १०० ओहमच्या एमसी इनपुटला जोडला, तर आवाज कोंदट येतो.

एमसीचे प्रवर्तकत्व अत्यल्प असल्याने त्याच्या बाबतीत केबलची धारिता श्राव्य पट्ट्यात जवळपास निष्प्रभ ठरते. प्रश्न रोधाचा उरतो. डीएल-१०३चा अंतर्गत रोध ४० ओहम आहे; १०० ओहमच्या भारावर त्याचे सुमारे ३ डेसिबल प्रदान वाया जाते, १,००० ओहमवर जेमतेम ०.३. भार बदलल्यावर आवाजात जाणवणारा फरक सुईचे अवमंदन बदलल्यामुळे पडतो, असे एक मत आहे. मात्र श्राव्य पट्ट्याच्या पलीकडील अनुस्पंदनाचा प्रवर्धकावर पडणारा ताण हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. अंतर्गत रोधाच्या दहापट भार हा नेहमीचा आरंभबिंदू होय.

एमसीसाठी रोहित्र वापरल्यास ४७,००० ओहमचा भार गुणोत्तराच्या वर्गाने भागला जातो. १:१० रोहित्रामागे डीएल-१०३ला ४७० ओहम दिसतात व सुमारे २.८ मिलिव्होल्ट मिळतात. १:२० घेतल्यास भार ११८ ओहमवर येतो. प्रदान मात्र दुप्पट न होता ४.५ मिलिव्होल्टच्या आसपास थांबते.

जास्त वेढ्यांचे उच्च-प्रदान एमसी, उदाहरणार्थ १.६ मिलिव्होल्टचे डेनॉन डीएल-११०, ४७,००० ओहमच्या एमएम इनपुटलाच जोडतात.