पेट्रोलवरचा व्हॅट १ टक्का कमी केला तर नाशिकच्या पंपावर किती फरक पडतो, आणि त्यासाठी काही अर्ज करावा लागतो का

२०२४ च्या जुलैमध्ये ठाण्याच्या मावसभावाचा फोन आला, की आमच्याकडे पेट्रोल उतरलं, तुमच्या नाशिकला किती झालं? मी द्वारकेजवळच्या पंपावर बघितलं तर काहीच नाही, तोच रेट. पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, ते मुंबईसाठी होतं." तेव्हा नीट हिशोब मांडला, तोच इथे देतोय, कारण त्यानंतर बरेच जण विचारत होते की सवलतीचा फॉर्म कुठे मिळतो, कोण पात्र आहे.

आधी तेच सांगतो. फॉर्म नाही, नोंदणी नाही, आधार नाही. पात्रता गाडीवर नाही तर पंप कुठे आहे त्यावर ठरते. शासन अधिसूचना काढतं, रेट बदलतो आणि जो त्या हद्दीतल्या पंपावर भरेल त्याला तो लागू होतो, मग गाडीचा नंबर MH-15 असो की MH-04. त्या १ जुलैला मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा व्हॅट २६ वरून २५ टक्के केला, म्हणजे नाशिकला जो आधीपासून होता तिथे आणला, म्हणून आपल्याला शून्य फायदा. मला याचं वाईट वाटलं नाही, पण बातमीत हे ठळक सांगायला हवं होतं असं अजून वाटतं.

आता हिशोब. नाशिकला राज्याचे दोन कर आहेत: २५ टक्के व्हॅट, आणि त्याच्यावर लिटरमागे सरसकट ५.१२ रुपये. केंद्राची एक्साइज वेगळी, ती टक्क्यात नसून लिटरमागे ठरलेली रक्कम असते, ८ एप्रिल २०२५ ला ती २१.९० रुपये झाली होती, खालचा हिशोब त्यावर केलाय. समजा पंपावर रेट १०४.५० आहे. त्यातून ५.१२ वजा केले की ९९.३८ उरले, याला १.२५ ने भागा, ७९.५० येतात. व्हॅट याच ७९.५० वर लागतो, म्हणजे १९.८८. त्यात ५.१२ मिळवले की राज्याचे बरोबर २५ रुपये, केंद्राचे २१.९०, एकूण ४६.९०. उरलेल्या ५७.६० मध्ये कंपनीचं तेल, पानेवाडीच्या डेपोपासूनचं भाडं आणि पंपवाल्याचं कमिशन. थोडक्यात शंभरातले जवळपास ४५ रुपये कर.

लोक इथेच फसतात. व्हॅट १ टक्का कमी झाला की १०४.५० चा टक्का, म्हणजे रुपयावर काहीतरी सुटेल असं वाटतं. पण टक्का लागतो ७९.५० वर, त्यामुळे ८० पैसेच सुटतात, टाकी ५ लिटरची असेल तर ४ रुपये. मुंबईत तेच झालं, १०४.२१ चे १०३.४४ झाले, ७७ पैसे. सरसकट ५.१२ मधला १ रुपया कमी केला तर मात्र पूर्ण १ रुपया सुटतो, कारण त्याच्यावर व्हॅट नाही.

सगळ्यात जास्त परिणाम एक्साइजचा. त्या ७९.५० मध्ये एक्साइजही धरलेली असते, म्हणजे करावर कर, म्हणून केंद्राने १ रुपया कमी केला की नाशिकला सव्वा रुपया उतरायला हवा. मे २०२२ मध्ये केंद्राने ८ रुपये कमी केले तेव्हा राज्याने २.०८ ची कपात जाहीर केली होती, ते ८ चे २६ टक्केच आहेत. पुढे कुठलीही कपात जाहीर झाली की आधी हा गुणाकार करा, मगच ती वेगळी सवलत आहे की आपोआप आलेली हे कळेल.

पण हा हिशोब कंपनीने मूळ रेट तोच ठेवला तरच बसतो. एप्रिल २०२५ ला एक्साइज २ रुपये वाढली तरी पंपावरचा रेट वाढला नाही, कंपन्यांनी तो बोजा स्वतःवर घेतला. तसंच उलटंही होऊ शकतं, कर कमी होतो आणि मूळ किंमत चढते.

कागद एकच लागतो, पंपाची पावती. तारीख, वेळ, रेट आणि लिटर त्यावर छापलेलं असतं, पण कर वेगळा दाखवत नाहीत. रेट सकाळी ६ ला बदलतो म्हणून वेळ बघा. इंडियन ऑइलचा पंप असेल तर `RSP` लिहून स्पेस, मग पंपावर लावलेला डीलर कोड टाकून ९२२४९९२२४९ वर मेसेज केला की त्या पंपाचा चालू रेट येतो. पावतीवर वेगळा रेट दिसला तर पंपावरच तक्रारवही मागा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, ती शाई महिनाभरात उडते. आणि दुकानाच्या गाडीत भरलंत म्हणून जीएसटीत क्रेडिट मिळेल असं समजू नका, पेट्रोल अजून जीएसटीत आलेलंच नाही.